तिकिटावरचं चि. सौ.

कॉलेज संपल्यावर मी नोकरीला लागले ते ऑफिस सात रस्त्याजवळ एका कापडदुकानाच्या वर होतं. दोन टेबलं, एक टाइपरायटर, एक काळा टेलिफोन आणि भिंतभर पसरलेलं विमानाचं चित्र. सोलापुरातून तेव्हा प्रवासी विमान सुटत नसे. तरी जिना चढून आलेला माणूस आधी खिडकीतून बाहेर बघायचा, मग चित्राकडे आणि मग विचारायचा, "हितनंच बसायचं का?"

मालकांचा मूळ धंदा यात्रेच्या बसचा. काशी, रामेश्वर, तिरुपती. पण गिरण्यांतली शिकलेली मुलं आफ्रिकेत आणि आखातात जाऊ लागली तशी त्यांनी पाटीवर एक ओळ वाढवली, आणि त्या ओळीचा इंग्रजी पत्रव्यवहार करायला मला ठेवलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण ते कागदावर. तोंडाने बोलायची वेळ आली की माझा घसा बसायचा, सोलापुरी मराठीत बोलायची वेळ आली की जरा जास्तच. मालक मला 'मिस' म्हणत. मी फक्त टाइप करीन, फोनवर बोलणार नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. फोन त्यांचा.

आणि फोनवर ते रमायचे. तिकीट-पुस्तकं आमच्याकडे नव्हती. विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला ट्रंककॉल लावायचा, प्रवाशाचं नाव सांगायचं, मग तिकीट तिथे हाताने लिहून रजिस्टर पोस्टाने आमच्याकडे यायचं. लाइनीवर समुद्राच्या लाटांसारखा आवाज असायचा, त्यामुळे नावातलं एकेक अक्षर सांगावं लागे. मालकांनी त्यासाठी स्वतःची बाराखडी तयार केली होती. "बी फॉर बार्शी! ए फॉर अक्कलकोट! एम फॉर मोहोळ! यू फॉर उदगीर!" मुंबईच्या माणसाला यातलं एकही गाव माहीत नसावं, पण मालकांच्या आवाजात इतकी खात्री असायची की तो मुकाट्याने लिहून घ्यायचा.

सुताचे एक व्यापारी मालकांचे जुने ओळखीचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्यांचा मुलगा दार-ए-सलामच्या एका कापडगिरणीत सुपरवायझर होता. सुट्टीत येऊन लग्न करून तो परत गेला आणि बायको सासरी राहिली. तिला तिकडे राहण्याचा परवाना मिळायलाच महिने गेले. आता परवाना आला होता, पण त्यावर मुदत होती. त्या तारखेच्या आत ती तिथे पोचली नाही, तर अर्ज पहिल्यापासून करायचा. मुंबईहून तिकडे जाणारी विमानं आठवड्यातून मोजकीच, आणि मुदतीच्या आत जागा एकाच विमानात मिळाली होती. त्याच विमानाने गिरणीतल्या आणखी एका माणसाची बायको जाणार होती. तिच्या सोबतीशिवाय सुनेला पाठवायला सासूबाई तयार नव्हत्या.

पासपोर्ट मात्र वेळेवर आला नव्हता. जागा जाऊ नये म्हणून व्यापाऱ्यांनी सुनेचं नाव एका चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून दिलं आणि मालकांनी ते मुंबईला कळवलं. मी त्या दिवशी मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. पुढे तिकीट पोस्टाने आलं आणि मालकांनी ते लिफाफ्यासकट कपाटात ठेवून दिलं.

पासपोर्ट आला तो विमानाच्या आदल्या आठवड्यात. व्यापारी, त्यांच्या पत्नी आणि सून असे तिघेही आधी सिद्धेश्वराच्या देवळात गेले, पासपोर्ट देवापुढे ठेवून आणला आणि तसेच आमच्याकडे आले. पासपोर्टवर हळद-कुंकवाची बोटं उमटली होती.

"घ्या बाई, आलं एकदाचं," व्यापारी म्हणाले. "आता बघून घ्या सगळं जुळतंय का. आमी आपलं अडाणी."

ते अडाणी नव्हते. सुताचा भाव मुंबईच्या आधी त्यांना कळायचा.

पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून नाव ताडून बघणं हे माझं काम होतं. मी तिकिटाचं पुस्तक उघडलं. ती पानं पातळ असत, प्रत्येकाच्या पाठीला लाल कार्बन, म्हणजे वरच्या पानावर लिहिलं की खालच्या सगळ्या पानांवर उमटावं. नावाच्या चौकटीत आधी आडनाव लिहायची पद्धत, मग तिरकी रेघ, मग नाव किंवा नुसतं आद्याक्षर, आणि शेवटी मिस्टर किंवा मिसेस.

आडनाव बरोबर होतं. रेघ होती. शेवटी मिसेस होतं. दोन्हींच्या मध्ये, स्वतःच्या नावाच्या जागी, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, नीटनेटकं, 'चिसौ' असं लिहिलं होतं.

मी पासपोर्ट पुन्हा बघितला. त्यात मुलीचं छान, तिच्या आजीचं असावं असं नाव होतं. त्यात 'च' नव्हता आणि 'स'ही नव्हता. मी मान वर करून समोर बसलेल्या सुनेकडे बघितलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. हिला घरी चिसौ म्हणतात की काय, असं एक क्षण माझ्या मनात आलं. कन्नडमध्ये असेलही एखादं असं नाव.

मग ट्यूब पेटली, आणि मला हसू आवरेना म्हणून मी टाइपरायटरवरचं फडकं खाली पाडून ते उचलायला वाकले.

"काय झालं मिस?" मालक.

मी तिकीट त्यांच्यासमोर सरकवलं आणि बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. व्यापाऱ्यांकडे बघितलं.

"तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

"नाव की! दुसरं काय लिवणार?" व्यापारी म्हणाले. "चि. सौ. अमुक अमुक. सुनेचं नाव मोकळं कसं लिवायचं? घरची लक्ष्मी हाय. माझ्या बापानं कदी माझ्या आईला पोस्टकार्डावर सुदीक मोकळं लिवलं न्हाई."

"आणि तुम्ही फोनवर तेच सांगितलंत?" मी मालकांना हळूच विचारलं.

"पार्टीनं लिहून दिलंय तसं सांगायचं. सी फॉर कलकत्ता, एच फॉर होटगी, आय फॉर इंदापूर, एस फॉर सोलापूर, ओ फॉर उस्मानाबाद, यू फॉर उदगीर." त्यांना ते सगळं पाठ होतं. "पुढचं नाव मी सांगायला लागलो, तर तो म्हणाला, बास, चौकटीत मावत नाही."

म्हणजे मुंबईच्या त्या बिचाऱ्याने 'चिसौ' हे नाव समजून लिहून घेतलं होतं, आणि खरं नाव विमान कंपनीच्या चौकटीबाहेर राहिलं होतं.

"एवढंच ना?" मालकांनी ड्रॉवर उघडला आणि अर्धं ब्लेड काढलं. टाइप करताना चूक झाली की ते त्याने कागद खरवडत. "दोन मिनिटांचं काम. हे खरवडायचं, वर नाव लिहायचं."

माझ्या हातून तेव्हा जे झालं ते आठवलं की अजून नवल वाटतं. मी त्यांच्या पुढ्यातून तिकीट ओढून घेतलं आणि छातीशी धरलं.

"सर, नाही. खाडाखोड केलेलं तिकीट बाद होतं. इथे छापलंय मागे. आणि वरचं पान खरवडलं तरी खालच्या पानांवर कार्बनने उमटलंय ते तसंच राहणार."

"तारीख बदलली तेव्हा तर त्यांनी नुसती पट्टी चिकटवून दिली होती. त्या मोहोळच्या डॉक्टरांच्या तिकिटाला."

"ती फक्त तारखेला आणि विमानाला, सर. नावाला पट्टी नाही. नावाला नवंच तिकीट लिहावं लागतं. आणि त्याआधी त्यांच्या यादीतलं नाव बदलावं लागतं. नाहीतर नवं तिकीट असूनही विमानात तिची जागाच नसायची."

एवढं बोलून मी थांबले. एका दमात मी मालकांशी इतकं कधी बोलले नव्हते. सुनेने पदर सोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"म्हंजी जायाचं ऱ्हातंय का काय?" सासूबाईंनी विचारलं. त्या जाडजूड, ठसठशीत कुंकवाच्या, आवाज असा की खालच्या कापडदुकानातल्या गिऱ्हाइकाने वर बघावं.

"राहत नाही," मालक म्हणाले, पण फोनचा रिसीव्हर त्यांनी फारच हळू उचलला. "अर्जंट कॉल लावतो."

कॉल लागेपर्यंत चहा झाला. सासूबाईंनी चहा बशीत ओतून प्यायला आणि मधूनमधून नवऱ्याला कन्नडमध्ये काहीतरी सुनावलं. ते मला कळलं नाही, पण त्यात 'इंग्लिस' हा शब्द बराच येत होता. व्यापारी शेवटी म्हणाले, "आता सुम्मनिर्री! म्हाराजांच्या पुढं तरी गप बसा." म्हाराज म्हणजे आमचे मालक. आपल्याला इतक्या मानाने कोणीतरी संबोधलं म्हणून ते या गडबडीतही जरा ताठ बसले.

फोन वाजला. मालकांनी बोलायला सुरुवात केली. "हॅलो! सोलापूर बोलतोय! सोलापूर! मिसेस चिसौच्या तिकिटाबाबत... नाही, चिसौ नाहीत त्या... नाही नाही, त्या येणार आहेत, पण चिसौ येणार नाहीत..." मग ते ऐकत राहिले. त्यांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे धरला. "बाई आहे. इंग्रजीत भांडतीय. मिस, तुम्ही घ्या."

मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी तो माझ्या हातात कोंबला.

पलीकडची बाई भांडत नव्हती. ती नुसती मुंबईच्या वेगाने इंग्रजी बोलत होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेली सुरुवात केली, गुड आफ्टरनून मॅडम, आणि माझा आवाज कुठूनतरी लांबून येतोय असं मला वाटलं.

"आमच्या यादीत मिसेस चिसौ आहेत," ती म्हणाली. "तुमचे साहेब दुसरंच नाव सांगतायत. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकलं असेल तर आम्ही दुरुस्त करतो. पण सगळं नावच बदलायचं म्हणजे माणूस बदलणं झालं. तिकीट एकाच्या नावाचं दुसऱ्याला चालत नाही. ते रद्द करून नवीन जागा मागा. त्या विमानात जागा नाही, प्रतीक्षायादीत घालते."

"माणूस तोच आहे, मॅडम."

"मग चिसौ कोण?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही, तिच्यासाठी तुम्ही जागा घेतलीत?"

समोर चौघे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भिंतीकडे वळले आणि विमानाच्या चित्राशी बोलल्यासारखी बोलू लागले. "चि. आणि सौ. हे नाव नाही. नावाच्या आधी लावतात. चि. म्हणजे तिला खूप आयुष्य लाभो."

"बरं. आणि सौ?"

"सौ. म्हणजे तिचा नवरा जिवंत आहे."

फोनमध्ये क्षणभर लाटांचा आवाज. "त्याबद्दल काही शंका आहे का?"

"नाही, मॅडम. ते दार-ए-सलामला आहेत. ठणठणीत आहेत. त्यांच्याकडेच ती चाललीय."

"मग तिकिटावर ते लिहायचं कशाला?"

याला उत्तर असेल, पण ट्रंककॉलमध्ये मावण्यासारखं नव्हतं. "सासऱ्यांनी प्रेमाने लिहिलं," मी म्हणाले.

पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. ती हसत होती, पण हात तोंडावर ठेवून. मग तिने शेजारच्या कोणाला तरी सांगितलं, तोही हसला. "तुम्हाला सांगते," ती म्हणाली, "इथे कोणीतरी त्या नावापुढे शेरा मारून ठेवलाय, प्रवासी जपानी असावी, भाषेची मदत लागेल. आम्ही आमची जपानी येणारी एकुलती एक मुलगी त्या दिवशी ड्यूटीवर ठेवणार होतो."

"तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" मध्येच ऑपरेटर बोलला. मी मालकांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

आता ती बाई जरा मऊ झाली होती. तिने मला आडनाव विचारलं, तिकिटाचा नंबर, पासपोर्टचा नंबर, परवान्यावरचं नाव, नवरा कुठे काम करतो. परवान्यावर पासपोर्टातलंच नाव होतं, हे ऐकून ती म्हणाली, "ठीक. मग मी ही दुरुस्ती म्हणून घेते, बदल म्हणून नाही. यादीतलं नाव बदलते, जागा तीच राहील. पण जुनं तिकीट जसंच्या तसं, एकही पान न फाडता, पासपोर्टसकट आमच्या मुंबई शहरातल्या ऑफिसात आणायचं. प्रवासी स्वतः हवी, फोटोशी चेहरा बघू. जुनं जमा करून त्याबदल्यात नवं लिहून देऊ, पैसे लागणार नाहीत. आणि हे सगळं विमान सुटायच्या आदल्या दिवसापर्यंत. थेट विमानतळावर येऊ नका. तिथे नाव जुळलं नाही तर काउंटरवरूनच परत पाठवतील. चुकीच्या कागदावर नेलेला माणूस तिकडच्या सरकारने परत पाठवला तर त्याला आणायचा खर्च आम्हाला पडतो."

"येस, मॅडम. थँक यू, मॅडम."

"आता पासपोर्टवर आहे तसं नाव सांगा. अक्षरन् अक्षर. सौ वगैरे काही नको."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि समोरच्यांना सांगितलं, "झालं. तिकीट नवं मिळेल. फक्त चि. सौ. काढून टाकायचं."

मी हे असं सांगायला नको होतं, हे मला लगेच कळलं.

"काडून टाकायचं?" सासूबाई उभ्या राहिल्या. "सौ. काडून टाकायचं? माज्या सुनेचं?"

"अहो, तिकिटावरचं," मालक म्हणाले.

"कुटलं का असंना! धडधाकट नवरा हाय तिचा तितं, आनि तुमी हितं बसून सौ. काडताय? तोंडाला काय हाड? तुमचं म्हाराज पन असलं बोलत्यात?"

"मी कुठं बोललो? विमानवाल्या बाई बोलल्या."

"तिला सांगा, चि. काड म्हनावं. चि. गेलं तर चालंल. सौ. ऱ्हाऊ दे."

व्यापारी म्हणाले, "तिचं बरोबर हाय. शुभ कामाला निघालीय पोर. त्या अक्षराला धक्का न्हाई लावायचा."

मालकांना तेवढ्यात एक युक्ती सुचली. "मग आपण पासपोर्टात सौ. घालून घेऊ की."

पासपोर्ट यायला किती महिने लागले होते हे सगळ्यांनाच माहीत होतं. सुनेचा चेहरा इतका उतरला की मालक स्वतःच म्हणाले, "नको. राहू दे."

"आर यू देअर?" फोन म्हणाला.

"येस मॅडम, वन मिनिट मॅडम." मी पुन्हा हात ठेवला. मला वाटलं, आता मार्ग सापडला. "अहो, सौ. आहे तिकिटावर. हे बघा, शेवटी मिसेस लिहितात ना, ते सौ.च. फक्त ते लोक मागे लावतात."

सासूबाईंनी तिकिटाकडे संशयाने बघितलं. "सौ. मागं?"

"विलायती लोकांचं समदं उलटंच," व्यापारी म्हणाले. त्यांना पटत आलं होतं.

"नवरा मेल्यावर ते काडत्यात का?" सासूबाईंनी विचारलं.

शाळेतल्या सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवलं, त्याबरोबर खोटं न बोलणंही शिकवलं होतं. त्यातलं दुसरं त्यांनी जरा कमी शिकवायला हवं होतं. "नाही," मी म्हणाले. "तसंच ठेवतात."

"म्हंजी हाय का न्हाई ते कळत न्हाई."

"नाही कळत."

"मग असल्या सौ.ला काय चाटायचं?" त्या खाली बसल्या. "मी न्हाई पाठवत जावा."

ऑपरेटर पुन्हा मध्ये पडला. मालकांनी कपाळावर हात मारला. पलीकडच्या बाईचा सुस्कारा मला इतक्या लांबून ऐकू आला. मला वाटलं, आता ती फोन ठेवणार, आणि ही मुलगी सासूच्या शेजारी बसून आणखी एक वर्ष शेंगा फोडणार.

तेवढ्यात सून उठली. आल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. तिने माझ्या टेबलावरचा पासपोर्ट उचलला, नावाचं पान उघडलं आणि सासऱ्यांसमोर धरलं. नावाच्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द तिच्या नवऱ्याचं नाव होता, आणि ते ती तोंडाने उच्चारणार नव्हती.

"अप्पा, अव्वाला वाचून दावा की," ती म्हणाली. आवाज बारीक पण पक्का.

व्यापाऱ्यांनी चष्मा लावला. बोटाखालचं नाव मोठ्याने वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं.

"अव्वा," सून सासूला म्हणाली, "हे मधी बसल्यात. माझ्या नावाला चिकटून. ह्यांच्यापेक्षा मोठं सौ. कुटलं असतंय?"

खाली रस्त्यावरून एक टांगा गेला. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं. पासपोर्ट त्यांना वाचता येत नव्हता, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं.

"हे तिकिटावर येतंय का?" त्यांनी मला विचारलं.

मी फोनमध्ये विचारलं. मधलं नाव लिहाल का, मॅडम, प्लीज. ती म्हणाली, चौकटीत पूर्ण मावणार नाही, पण आद्याक्षर घालता येईल. आद्याक्षर पासपोर्टशी जुळलं की बास.

"पहिलं अक्षर येतंय," मी सांगितलं.

सासूबाई विचार करत राहिल्या. मालक तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असावं किंवा ट्रंककॉलचं बिल.

"पैलं अक्षर म्हंजी डोस्कंच की," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "डोस्कं बसलं म्हंजी बसला मानूस. लिवा."

मी नाव सांगितलं. अक्षरन् अक्षर, मालकांची बाराखडी वापरून. दुसरी मला त्या क्षणी सुचेना. तिने सगळं मला परत वाचून दाखवलं. सासूबाईंचा आवाज माझ्या हाताआडूनही तिकडे पोचला असावा, कारण शेवटी ती म्हणाली, "अँड टेल द मदर-इन-लॉ, आय ॲम अ मिसेस टू. माझाही जिवंत आहे. पण कुठे लिहिलेलं नाही."

ते मी मराठीत सांगितलं नाही.

ते सगळे विमानाच्या दोन दिवस आधी मुंबईला गेले. मालकही गेले. त्यांना ब्लेडचा प्रसंग विसरायचा होता. परत आल्यावर त्यांनी मला हावभावांसकट सगळं सांगितलं. शहरातल्या ऑफिसात काउंटरवरच्या माणसाने फोटोकडे आणि मग सुनेकडे दोनदा बघितलं. जुनं तिकीट घेऊन त्यावर रद्दचा शिक्का मारला. मग नव्या पुस्तकावर पेनाने दाबून लिहिलं, आणि 'कशाच्या बदल्यात दिलं' या चौकटीत जुन्या तिकिटाचा नंबर टाकला. लिहून झाल्यावर व्यापाऱ्यांनी शेवटचं पान उलटून बघितलं, मधलं अक्षर कार्बनने नीट उमटलंय का. फिकट उमटलं होतं. त्यांनी त्या माणसाला पुन्हा दाबायला सांगितलं. दाबता येत नाही, ती खाडाखोड होईल, असं तो म्हणाला. तेव्हा मालकांनी व्यापाऱ्यांना खाडाखोडीचे नियम नीट समजावून सांगितले. म्हणजे त्यांनीच मला ते शिकवल्यासारखे.

पुढच्या आठवड्यात सासूबाई एकट्याच जिना चढून आल्या. हातात शेंगाचटणीची बरणी. सून सुखरूप पोचल्याची तार आली होती. तार त्यांनी मला वाचायला दिली. त्यांना ती तोंडपाठ होती, तरी.

"विमानाच्या हितं आमाला आत सोडलं होतं, त्या फळीपर्यंत," त्या बसत म्हणाल्या. काउंटरला त्या फळी म्हणत होत्या. "पोरीनं तिकीट दिलं, पासपोर्ट दिला. त्यो बाबा दोनी बाजूबाजूला ठेवून लई वेळ बघत बसला. माजा जीव वर. मग त्यानं वर बघितलं आनि काय म्हनला म्हाईत हाय का? आदी मिसेस म्हनला, मग नाव. म्हंजी लिवताना मागं, बोलताना म्होरं. मग बरं हाय की! मी उगंच तुमाला बोलले."

"नाही, नाही," मी म्हणाले.

"पोर कशी गेली सांगू? मागं वळून सुदीक बघितलं न्हाई तिनं. माज्याकडं बघ म्हनून हाक मारली, तर हात केला नि चालायला लागली." त्या खूश होत्या की रागावल्या होत्या ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

मालकांनी चहा मागवला. सासूबाई मला न्याहाळत राहिल्या. मी कागद टाइपरायटरवर चढवला. खरं म्हणजे टाइप करायला काही नव्हतं.

"म्हाराज तुमाला मिस म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "त्याचा काय अर्थ?"

मी सांगितलं.

"मग ते कदी बदलायचं?"

मालकांनी बशी तोंडाला लावली आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी रोलर फिरवत राहिले.

"वैरागला माज्या भैनीचा दीर हाय," सासूबाई म्हणाल्या. "शिकलेला हाय. नाव पन लहान हाय त्याचं. चौकटीत मावतंय."